सोबत फाइल जोडली आहे

माणसाने कोणावर किती दिवस डूख धरून राहावं याला काही मर्यादा असावी, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. माझं नाही. मला एका माणसाचा राग अजून येतो, आणि तो यावा म्हणून मी थोडी मेहनतही घेते. तो माणूस म्हणजे आमचे अकोल्याचे सर. त्यांनी माझं काय केलं, हे सांगितलं तर ऐकणारा हसतो. एका ईमेलमधल्या एका वाक्यावरून एवढं, असं म्हणतो. म्हणून आधी सगळं नीट सांगते, मग हसायचं तर हसा.

वऱ्हाडातल्या शेतीवर सगळ्या देशाचं लक्ष गेलं होतं, ती वर्षं. आमच्या गावांत रोज कोणाची तरी गाडी यायची, कोणी प्रश्न विचारायचं, कोणी फोटो काढायचं. त्याच लाटेत एक संस्था अकोल्यात उभी राहिली. पैसा मुंबईच्या एका निधी देणाऱ्या संस्थेचा, काम शेतकरी घरांतल्या बायांसोबत. घरचं बियाणं कसं साठवायचं, शेळ्या कशा पाळायच्या, परसात भाजी कशी करायची, अशी प्रशिक्षणं. मुख्य ऑफिस अकोल्याला, तिथे सर. अमरावतीला राजापेठेत एका शिकवणी वर्गाच्या वर दोन खोल्या, तिथे मी आणि आपा. खालून सारखे पाढे आणि स्कूटरचे हॉर्न ऐकू यायचे.

मी चांदूर बाजारची. मराठी शाळेत शिकलेली, बी.ए. झालेली, टायपिंग आणि कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. आपा माझ्याहून बरीच मोठी. तिचा नवरा कापडाच्या फेरीवर जायचा, तो वारल्यावर ती स्वतः गाठोडं घेऊन गावोगाव फिरली होती. त्यामुळे धामणगाव रेल्वेपासून चांदूर बाजारपर्यंत कोणत्या गावात कोणत्या ओट्यावर बसलं की बाया बोलतात, हे तिला माहीत होतं. ती गावात जायची, दिवसभर बसायची आणि परत आल्यावर मला सांगायची. मी टाइप करायची. तिला मराठी वाचता यायचं, पण लिहायला बसली की हात अडायचा. बोलायला बसली की मात्र थांबायची नाही.

महिन्याच्या शेवटी आमच्याकडून अकोल्याला तीन फाइली जायच्या. एक माझा माहितीचा तक्ता, कोणत्या गावात किती बाया आल्या याचा. दुसरी आपाच्या गावभेटीच्या अहवालाची. तिसरी फोटोंची. सर त्यात अकोल्याचं जोडून सगळं मुंबईला पाठवायचे. मुंबईशी फक्त सरांनीच बोलायचं, असा नियम होता. ईमेल तेव्हा नवीन होता. टेलिफोनच्या तारेवरून कॉम्प्युटर किंचाळत जोडला जायचा. एक फोटो वर चढेपर्यंत चहा होऊन जायचा. मेलच्या डब्यात जागा इतकी थोडी की पाठवलेलं पुसून टाकलं नाही, तर पुढचं येतच नसे.

पहिल्या महिन्यात मी मेलमध्ये इंग्रजीत लिहिलं: प्लीज फाइंड अटॅच्ड फाइल्स. खाली तिन्हींची नावं लिहिली, एकाखाली एक. मला माझंच कौतुक वाटलं होतं.

पुढच्या बैठकीला आम्ही अकोल्याला गेलो. सगळे कार्यकर्ते सतरंजीवर बसलेले, सर खुर्चीवर. त्यांनी माझा मेल छापून आणला होता. त्यांनी तो मोठ्याने वाचला, आणि ‘फाइंड’ शब्दावर थांबून सगळ्यांकडे पाहिलं.

“फाइंड अटॅच्ड फाइल्स. म्हणजे काय? जोडलेल्या फाइली शोधा? हरवल्यात का कुठं? द कुठं गेला, द? ताई, इंग्रजी येत नसेल तर विचारावं. लाज कशाची.”

सगळे हसले. त्यात काही जणांना ‘द’ कुठे लागतो हे माझ्याइतकंही माहीत नव्हतं. पण सर हसले म्हणून ते हसले. पुढचे कितीतरी महिने अकोल्याच्या ऑफिसात मला ‘फाइंडताई’ म्हणायचे. पाणी मागायलाही कोणी म्हणायचं, “फाइंडताई, जरा ग्लास फाइंड करा ना.”

एक कबूल करते, आणि तेवढंच करते. ‘द’ हवा होता. प्लीज फाइंड अटॅच्ड द फाइल्स, किंवा प्लीज फाइंड द अटॅच्ड फाइल्स, असं म्हणतात. त्याहून सरळ म्हणजे ‘मी तीन फाइली जोडल्या आहेत’ असंच इंग्रजीत लिहून टाकावं, त्यात कोणाला काही शोधावं लागत नाही. मी नंतर राजापेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून इंग्रजी पत्रलेखनाची दोन पुस्तकं आणली आणि हे सगळं घोकून काढलं. एक असेल तर अटॅच्ड इज, अनेक असतील तर अटॅच्ड आर. एक यादी आणि दोन अहवाल असतील तर तेही आर. सरांनी माझी चूक योग्य काढली होती. म्हणूनच ती जिव्हारी लागली.

पण त्या दिवशी सर तिथे थांबले नाहीत. त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि सांगितलं की यापुढे सगळ्यांनी हेच लिहायचं. प्लीज फाइंड अटॅच्ड हेअरविथ द फाइल. सर आधी एका सहकारी संस्थेच्या ऑफिसात होते, तिथल्या टाइप केलेल्या पत्रांतून हे वाक्य त्यांच्यासोबत आलं होतं. ‘हेअरविथ’ म्हणताना ते मान थोडी वर करायचे.

मी विचारलं, “सर, फाइली तीन असल्या तर? मग शेवटी एस लावू ना?”

“ताई, आपल्या ऑफिसात फाइल कशी असते? लेस बांधलेली. आत कागद कितीही असोत, फाइल एकच. मेल एक, म्हणजे फाइल एक. कागद मोजत बसायचं काम शिपायाचं. माझ्या वाक्याला कोणी हात लावायचा नाही.”

खरं म्हणजे सरांचं म्हणणं आमच्या सगळ्यांच्या सवयीतलं होतं. कलेक्टर कचेरीत, तहसीलमध्ये, शाळेत, आपण जन्मभर एकाच फायलीत पन्नास कागद पाहिलेले. कॉम्प्युटरची फाइल म्हणजे तो एकेक कागद, हे कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. मला मात्र ते खटकलं. मराठीत आपण असं करत नाही. सोबत अहवाल जोडला आहे म्हटलं की एक, जोडले आहेत म्हटलं की अनेक. अहवाल हा शब्द बदलत नाही, तरी वाचणाऱ्याला पुढच्या शब्दावरून कळतं की आत किती शोधायचे. घेणाऱ्याला मोजता यावं म्हणून तर ते लिहायचं. पण मी फाइंडताई होते, तेव्हा मुकाट्याने वाक्य वहीत उतरवून घेतलं. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते.

आपा शेवटी म्हणाली, “काहून तोंड फुगवून बसली? हसले तर हसले. दात दिसले त्यायचे.”

“आपा, मी या माणसाचं उट्टं काढीन.”

“काढ बाप्पा. पण आधी कायी खाऊन घे.”

वर्ष तसंच गेलं. आपाचे अहवाल दर महिन्याला चांगले होत गेले, किंवा मला टाइप करता करता त्यांची गोडी लागली. ती बायांचं बोलणं जसंच्या तसं सांगायची आणि मी तसंच लिहायची. एका गावात बाया म्हणाल्या होत्या, तुमचं प्रशिक्षण दुपारी असते, दुपारी आमी कापूस वेचाले जातो, मंग तुमी शिकवता कोणाले? दुसऱ्या गावात एका घरी पाहुण्यांसाठी दोन बाजा बाहेर काढून ठेवल्या होत्या, कारण रोज कोणी ना कोणी विचारपूस करायला येत होतं, आणि त्या घरातली पोरं जमिनीवर झोपत होती. आपा म्हणाली, “हे लिव. आन हे बी लिव का त्या बाईनं मले चहा केला, पण माया संगं बसली नाही, तिले वाटलं मी बी फोटोच काढाले आली.”

प्रशिक्षणं दुपारी का होती, हे आम्हाला माहीत होतं. सरांची जीप अकोल्याहून दहाला निघायची आणि त्यांना संध्याकाळच्या आत घरी परतायचं असायचं. अहवालात हे आपाने लिहायला लावलं नाही. दुपारचं तेवढं लिहिलं.

आणि मी दर महिन्याला तीन फाइली जोडायची आणि वर लिहायची, द फाइल. एक.

वर्ष संपत आलं तेव्हा सरांचा फोन आला. पुढच्या वर्षी अमरावतीला एकच माणूस ठेवायचा, ती म्हणजे मी. आपाचं काम काही दिसलेलं नाही, तिचा करार वाढणार नाही.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “सर, आपाचे अहवाल दर महिन्याला गेले की.”

“कुठं गेले? मुंबईला तिचा एकही कागद नाही.”

फोन ठेवल्यावर मी नियम मोडला. मुंबईच्या ऑफिसात एक ऑपरेटर होता, मेल उघडून तिथल्या मुख्य मॅडमसाठी प्रिंट काढणारा. सरांच्या सांगण्यावरून एकदा पत्ता विचारायला मी त्याच्याशी बोलले होते, एवढीच ओळख. त्याला मी विचारलं, अमरावतीचे गावभेटीचे अहवाल मॅडमना कसे वाटले?

“कोणते?” तो म्हणाला. “तुमच्या सरांच्या मेलला एकच फाइल असते. लिहिलेलंही तसंच असतं, द फाइल. अमरावतीचा तक्ता त्यातच असतो.”

“आणि कधी जास्त असल्या तर?”

“मेलमध्ये जितक्या लिहिल्या असतील तितक्या मी काढतो. मॅडमची शिस्त आहे. आकडा लिहिला असेल तर आकड्याशी ताडून बघतो, कमी आली तर फोन करतो. एक लिहिली असेल तर पहिली काढतो. मेल उघडून खाली खाली बघत बसलो तर आमची लाइन दिवसभर अडकेल.”

तेव्हा सगळं कळलं. सर आपाचा अहवाल काढून टाकत होते. वर्षभर. दुपारच्या प्रशिक्षणाचं, बाजांचं, चहाचं, सगळं. आणि त्यांच्या वाक्यात किती फाइली आहेत हे कधी लिहिलेलंच नसल्यामुळे कोणाला काही कमी वाटलं नव्हतं. माझी पुस्तकं, माझं घोकणं, सगळं चुलीत गेल्यासारखं झालं. मी हसण्याला घाबरून त्यांचं वाक्य लिहीत राहिले होते आणि त्यांनी त्याच वाक्याचा फायदा घेतला होता.

आपाला सांगितलं. ती उठून खिडकीपाशी गेली. खाली पोरं सुटून सायकली काढत होती.

“चाल,” ती म्हणाली. “त्याले तोंडावर इचारू.”

आम्ही अकोल्याला गेलो. सरांनी आम्हाला बसायलाही सांगितलं नाही. आपाने शांतपणे विचारलं, “सर, माये अहवाल काहून नाही धाडले तुमी?”

“कोणते अहवाल? माझ्याकडे आले असते तर पाठवले असते.”

“ताईनं दर मयन्याले धाडले.”

सरांनी टेबलाच्या खणातून आमच्या मेलचे छापील कागद काढले. वर्षभराचे. एक एक पुढे टाकत गेले. “वाचा. प्लीज फाइंड अटॅच्ड हेअरविथ द फाइल. फाइल. एस आहे कुठं? ताईंनी स्वतः लिहिलंय, एकच फाइल. ती मी पाठवली. आणि आता तुम्ही म्हणता तीन होत्या. दाखवा.”

दाखवणार कसं? पाठवलेलं आम्ही दर महिन्याला पुसत होतो. कॉम्प्युटरमध्ये अहवाल होते, पण ते पाठवले याचा काही पुरावा नव्हता. पुरावा म्हणजे तेच वाक्य, आणि ते त्यांच्या बाजूने बोलत होतं. सरांनी मला डोळ्यांत बघून सांगितलं, “ताई, वाक्य नीट वाचत जा. इंग्रजी आहे ते.”

त्या क्षणी मला त्यांचा जीव घ्यावासा वाटला. हे मी सौम्य करून सांगणार नाही. मी बाहेर येऊन बसस्टँडपर्यंत चालत गेले, मागून आपा आली. पण ती रडली नाही. “मले दुसरं काम भेटन,” ती म्हणाली. “पण बायायनं सांगतलेलं कोणी वाचलंच नाही. वर्षभर मी त्यायले खोटं बोलली. मी त्यायले म्हणत व्हती, मुंबईले जाते तुमचं बोलणं.”

माझी नोकरी राहणार होती. आपाची जाणार होती. दोघींच्या जागी एक. तेव्हापासून माझ्या मनात उट्टं काढायचं तेवढंच होतं.

संधी सरांनीच दिली. वार्षिक अहवाल मुंबईला जायचा शेवटचा दिवस आणि अकोल्यात सकाळपासून लाइट नाही. त्या काळी वऱ्हाडात लाइट जायचे ते तासांच्या हिशेबाने जायचे. त्यात रस्ता खोदताना टेलिफोनची केबल तुटलेली. सर सीडी घेऊन बसने अमरावतीला आले. घामाने निथळत जिना चढले आणि आल्या आल्या म्हणाले, “ताई, कॉम्प्युटर चालू करा. चहा सांगा.”

सीडीवर त्यांचा वार्षिक अहवाल होता, प्रशिक्षणांची यादी होती आणि फोटो होते. मी एकेक कॉम्प्युटरमध्ये घेतलं.

“अमरावतीचंही टाकायचं का, सर?”

“टाका काय असेल ते. आता कोण बघतंय.”

आपा दाराजवळच्या खुर्चीत बसून होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी आपाचे वर्षभराचे सगळे अहवाल एका फाइलीत सलग लावून ठेवले होते, अकोल्याहून परत आल्यापासून. वर तिचं नाव लिहिलं होतं, ठळक. ती फाइल मी पहिली जोडली. मग माझा तक्ता. मग त्यांचा अहवाल, यादी, फोटो. जोडायला खूप वेळ लागला. सर बशीत ओतून चहा पीत होते आणि सहकारी संस्थेतले किस्से सांगत होते. मी एकही फाइल गाळली नाही, लपवली नाही. पाचही तिथे होत्या, कोणालाही दिसतील अशा.

मग ते म्हणाले, “आता लिहा. डियर मॅडम. पुढे आपलं वाक्य.”

मी बोटं थांबवली. हे मी मुद्दाम केलं. मला नंतर झोप शांत लागावी म्हणून नव्हे, त्यांना सुटायला जागा राहू नये म्हणून.

“सर, फाइली पाच आहेत. किती ते लिहू का? नावंही लिहिते खाली.”

सरांनी बशी ठेवली. “ताई, परत तेच? वर्षभर शिकवलं तरी तेच? माझं नाव आहे खाली. माझं वाक्य लिहा.”

“आपा, ऐकलंस ना?” मी म्हटलं. “सर म्हणतात, त्यांचंच वाक्य.”

“आयकलं,” आपा म्हणाली.

मी लिहिलं. प्लीज फाइंड अटॅच्ड हेअरविथ द फाइल. मग पाठवलं. सरांनी वाकून बघितलं आणि समाधानाने मान हलवली. त्या वर्षात मी टाइप केलेलं ते सगळ्यात गोड वाक्य होतं.

काही दिवसांनी मुंबईच्या मॅडम वार्षिक बैठकीला अकोल्याला आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. सतरंजीवर सगळे कार्यकर्ते, फाइंडताई म्हणणारे सगळे. मी आणि आपा मागे बसलो होतो. सरांनी हार घातला, स्वागताचं भाषण केलं आणि आपला वार्षिक अहवाल मॅडमनी वाचला असेलच, असं म्हणाले.

“वाचला,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून प्रिंट काढली. कडेला पेन्सिलीच्या खुणा केल्या होत्या. “दोनदा वाचला. दुपारी प्रशिक्षण ठेवलं तर बाया येत नाहीत कारण त्या कापूस वेचायला जातात, हे आम्हाला इतके दिवस कोणीच सांगितलं नाही. आणि ते बाजांचं. हे कोणी लिहिलंय?”

त्यांनी वरचं नाव वाचलं. आपाचं. आपाने पदर डोक्यावर ओढला.

सरांचा चेहरा बघायला मी मान उंच केली. समोरच्या माणसाचं डोकं आड येत होतं, मी बाजूला सरकले.

“मॅडम, तो अहवाल नाही,” सर म्हणाले. “म्हणजे तोही आहे. पण आपला मुख्य अहवाल वेगळा आहे. पाच फाइली पाठवल्या होत्या.”

“पाच?” मॅडमनी मेलचा कागद काढला. “तुम्ही लिहिलंय, द फाइल. एक. आमच्याकडे लिहिलेली एक काढली.”

“ते… ताईंनी टाइप केलं.”

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. त्या सतरंजीवर मागच्या वेळी असे सगळे माझ्याकडे बघत होते तेव्हा मी खाली बघितलं होतं. या वेळी नाही.

“वाक्य सरांचं आहे, मॅडम,” मी म्हटलं. “ते आम्ही बदलू शकत नाही, असा नियम आहे. त्या दिवशी मी विचारलं होतं, पाच आहेत, आकडा लिहू का. सर नाही म्हणाले.”

“मी व्हती तथी,” आपा म्हणाली. “सर बोलले, मायंच वाक्य लिवा.”

कोणी हसलं नाही. मॅडमनी तिथूनच मुंबईच्या ऑपरेटरला फोन लावला, आणि त्याने मेल पुन्हा उघडून बघितला. पाच आहेत, त्याने सांगितलं. मॅडमनी फोन ठेवला. मला वाटलं होतं की प्रकरण तिथेच मिटेल, सरांची थोडी फजिती आणि तेवढंच. पण मॅडम माझ्याहून हुशार होत्या.

त्यांनी कागद पुन्हा बघितला आणि विचारलं, “मग वर्षभर तुमच्या सगळ्या मेलमध्येही हेच वाक्य आहे. द फाइल. त्या प्रत्येक वेळी अमरावतीहून तुमच्याकडे किती येत होत्या?”

सरांनी तोंड उघडलं. एक म्हणावं, तर आपाचे हे अहवाल आभाळातून पडले का, हा प्रश्न होता, आणि प्रत्येकावर महिना लिहिलेला होता. तीन म्हणावं, तर बाकीच्या कुठे गेल्या हे सांगावं लागणार होतं. “त्यातली भाषा जरा गावठी होती, मॅडम,” ते शेवटी म्हणाले. “मला वाटलं, तुम्हाला आवडणार नाही.”

इतकं स्पष्ट ते कधीच बोलले नव्हते. सगळ्या खोलीने ते ऐकलं. मी आपाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मनात म्हटलं, भोग आता.

त्यानंतर सरांची नोकरी गेली नाही. अशा माणसांची जात नाही. पण मॅडमनी तिथेच एक नियम सांगितला. यापुढे प्रत्येक मेलमध्ये किती फाइली आहेत तो आकडा लिहायचा, खाली प्रत्येकीचं नाव, आणि मेलची एक प्रत ज्याची फाइल आहे त्याला. अमरावतीच्या फाइली असतील तर अमरावतीला. आता दर महिन्याला सरांचा मेल आमच्याकडेही यायचा. मी तो उघडायची, आकडा बघायची, नावं बघायची, आतल्या फाइली मोजायची. एकदा त्यांनी चार लिहिलं आणि तीनच जोडल्या, घाईत. मी लगेच उत्तर लिहिलं: सर, आपण चार फाइली म्हटलं आहे, तीन आल्या आहेत, कृपया एक पुन्हा पाठवावी. मुंबईला प्रत. ते लिहिताना मला जो आनंद झाला, तो सांगायला लाज वाटायला हवी. वाटत नाही.

पण आपाचं काय होणार, हे मॅडमनी त्या दिवशी सांगितलं नव्हतं. कळवू, म्हणाल्या. एक महिना गेला. पुढच्या वर्षाची करारपत्रं मुंबईहून सरांकडे आणि सरांकडून आमच्याकडे, असाच रस्ता होता. आपा रोज ऑफिसात येत होती, पण गावात जात नव्हती. जायचं कोणत्या तोंडाने, असं म्हणायची. टेबलावर तिच्या सामानाचं गाठोडं बांधून ठेवलेलं असायचं.

एका सकाळी सरांचा मेल आला. मी उघडला. आपा माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण माझ्या पाठीवर तिचा श्वास लागत होता.

सरांनी लिहिलं होतं, प्लीज फाइंड अटॅच्ड टू लेटर्स. हेअरविथ नव्हतं. खाली दोन ओळी. एकीत माझं नाव, दुसरीत आपाचं. दुसरी ओळ लिहायला त्यांना किती जड गेलं असेल, याची मी कल्पना केली आणि ती कल्पना मला आवडली.

“काय लिवलं त्यानं?” आपाने विचारलं.

“सोबत पत्रं जोडली आहेत. दोन.”

“दोन म्हणते?”

“दोन. एक माझं, एक तुझं.”

आपाने खुर्ची ओढून माझ्या बाजूला लावली, चष्मा पदराला पुसला आणि नाकावर ठेवला.

“मंग दोन्ही उघळून पाह्य,” ती म्हणाली. “त्याचा कायी भरोसा नाही.”